ऑफिसच्या खेळसंध्याकाळीसाठी सहकाऱ्याला मेल कशी लिहावी: चौदा माणसं, तीन खेळ, दीड तास

आमच्या ऑफिसात, पुण्यात, दर तीन-चार महिन्यांनी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सगळे कॅन्टीनमध्ये जमतात. खाणं असतं, गप्पा असतात आणि एखादा खेळ असावा अशी अपेक्षा असते. खाण्याचं आणि जागेचं ॲडमिनमधल्या ताई बघतात. खेळांचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं, कारण मला बोर्ड गेम खेळायची सवय आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "चार ओळींची मेल टाक, काय काय खेळायचं ते लिही," असं त्या म्हणाल्या.

मी चार ओळींऐवजी दीड पान लिहिलं. त्यात अकरा खेळ, प्रत्येकाची लिंक आणि कोणता खेळ का भारी आहे याचं वर्णन होतं. त्या मेलला उत्तर आलं नाही. शुक्रवारी मी घरून कॅटानचा डबा घेऊन गेलो. तो तीन किंवा चार जणांचा खेळ. आम्ही चौघं नियम समजावण्यात पंचवीस मिनिटं घालवून बसलो आणि बाकीचे दहा जण समोसे खाऊन मोबाईल बघत राहिले. सव्वासातला कंपनीची बस सुटते, म्हणून सातला तो डाव अर्धवट मोडून डब्यात भरला.

त्यानंतर तीन वेळा हे काम केलं आहे आणि आता मेल खरोखर थोडक्या ओळींची असते. पण त्या ओळी लिहिण्याआधी काय काय ठरवावं लागतं, ते पहिल्यांदा हे काम गळ्यात पडलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी हाताशी काय हवं

मेल लिहायला बसण्यापूर्वी या गोष्टी माहीत असू द्या: नक्की किती जण येणार, घरी जायची शेवटची वेळ कोणती, टेबलं किती आणि केवढी. सामान म्हणाल तर पत्त्यांचे तीन कॅट, जाड कागद किंवा जुनी व्हिजिटिंग कार्डं, सहा-सात स्केचपेनं, आठ-आठ तुकड्यांत कापलेले ए-फोर कागद आणि दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या. विकत घ्यायचे पत्त्यांचे कॅट तेवढे, बाकी सगळं स्टेशनरीच्या कपाटात सापडतं. आमचं ऑफिस जुन्या जागेतून हललं तेव्हा जुन्या पत्त्याची कार्डं खोकंभर उरली होती. त्यांची मागची बाजू कोरी आहे. खेळाच्या चिठ्ठ्यांना त्याहून चांगला कागद मी पाहिलेला नाही: जाड, एकसारखा आणि फुकट.

१. कोणाला काय येतं हे चहाच्या वेळी विचारा, मेलवर नाही

"तुमचा खेळांचा अनुभव कितपत?" असा प्रश्न ग्रुपवर टाकला की ज्यांना येतं ते लगेच उत्तर देतात आणि ज्यांना येत नाही ते गप्प राहतात. मग तुमचा अंदाज चुकतो. त्याऐवजी चहाच्या मशीनपाशी उभं राहून विचारा, "सहलीला गेलात की गाडीत काय खेळता?" या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं. कोणी अंताक्षरी म्हणतं, कोणी मेंढीकोट, कोणी "मी झोपते" म्हणतं. तेवढ्यावरून तुम्हाला कळायचं ते कळतं.

आमच्या चौदा जणांत हिशोब असा निघाला. चौघं नेहमी बोर्ड गेम खेळणारे, म्हणजे रविवारी कोणाच्या तरी घरी जमून तीन-तीन तास बसणारे. सात जण पत्ते येणारे, पण तेही घरचे, सुट्टीतले. तिघांनी शाळेनंतर कशालाच हात लावला नव्हता. शिवाय एक सहकारी केरळचा आहे. त्याला मराठी समजतं, पण वाचताना अडखळतो. हा अनुभवाचा चौथा प्रकार आणि तो हमखास विसरला जातो. शब्दांचे खेळ निवडले की खेळात मुरलेला पण भाषेत नवा माणूस अचानक नवखा होतो.

एक गोष्ट माझ्या चुकीतून शिकलेली. ही माहिती मेलमध्ये लिहू नका. मी एकदा ताईंना लिहिलं होतं, "अकाउंट्सवाल्यांना पत्त्यांतलं फारसं येत नाही, त्यांना सोपं काहीतरी देऊ." ताईंनी ती मेल जशीच्या तशी सगळ्यांना पुढे पाठवली, वर फक्त "कृपया पाहावे" असं लिहून. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

२. शेवटच्या वेळेपासून उलटं मोजा

आमची बस सव्वासातला. म्हणजे सातला आवरायला घ्यायचं. कामं संपून लोक साडेपाचला कॅन्टीनमध्ये येऊ लागतात, पण सगळे यायला पावणेसहा होतात. कोणाचा तरी कॉल लांबलेला असतोच. म्हणजे सगळे एकत्र असतील असा खरा वेळ सव्वा तास, आणि त्याआधीची पंधरा मिनिटं माणसं तुकड्यातुकड्यांनी येण्याची.

या मोजणीतून दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिला खेळ असा हवा की त्यात उशिरा आलेला माणूस मध्येच खुर्ची ओढून बसू शकेल. आणि कुठलाही खेळ पस्तीस-चाळीस मिनिटांच्या वर जाता कामा नये. कॅटान, तिकीट टू राईड हे उत्तम खेळ आहेत, पण चौदा जणांच्या संध्याकाळी ते डब्यातच राहू द्या. चौघा-पाचांच्या वर त्यात जागाच नाही.

३. खेळ निवडताना मुरलेल्या माणसाला आवरा

नवख्यांसाठी सोपा खेळ शोधायचा, असं सगळ्यांना वाटतं. खरी अडचण दुसऱ्या टोकाला असते. नियम सोपे असले तरी ज्याने तो खेळ शंभर वेळा खेळलाय तो जिंकतो, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याचं पान स्वतःच सांगायला लागतो. कॅरम घ्या. नियम सगळ्यांना माहीत, बोर्ड ऑफिसात पडलेला. पण ज्याचं लहानपण गल्लीतल्या कॅरम क्लबात गेलंय तो ब्रेक घेतो आणि एकामागून एक सोंगट्या घालत सुटतो. समोरच्याचा स्ट्रायकर पावडरीत तसाच पडून. चार जणांतले तीन बघे होतात.

म्हणून खेळ असा निवडा ज्यात मुरलेल्याच्या तयारीचा फार उपयोग होत नाही, किंवा नियमच त्याचं तोंड बंद ठेवतो. आणखी एक चाळणी लावा: खेळातून बाद होऊन कोणाला बसून राहावं लागतं का? 'व्यापार' यासाठीच नको. ज्याचं दिवाळं पहिल्या वीस मिनिटांत निघतं तो पुढचा तासभर दुसऱ्यांची घरं मोजत बसतो. रात्री 'खून' होऊन सकाळी माणूस बाद होतो त्या माफियाच्या खेळाचंही तेच.

डमशेराजबद्दल ताईंनी दरवेळी विचारलं आहे. मजा येते, मान्य. पण त्यात एकट्याने सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं आणि नव्याने लागलेल्या मुलीला किंवा मुलाला ते नको असतं. 'नाही' म्हणायचीही चोरी. हाऊसी पन्नास जण असतील तर उत्तम, चौदा जणांत मात्र ती आकडे ऐकण्याची शांत बैठक होते.

या चाळण्यांतून माझ्याकडे तीन खेळ उरले. तेच मी मेलमध्ये लिहितो.

४. पहिला खेळ: एकच शब्द

दुकानात हा 'जस्ट वन' या नावाने मिळतो. २०१९ साली त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला होता. डबा तीन ते सात जणांसाठी आहे, म्हणून चौदा जणांची सात-सातची दोन टेबलं करायची. डबा नसला तरी कागद-पेनवर काम भागतं.

सातपैकी एक जण ओळखणारा. तो डोळे मिटतो. बाकीचे सहा चिठ्ठीवरचा शब्द बघतात आणि न बोलता, एकमेकांचं न बघता, आपापल्या कागदावर एकेक सूचक शब्द लिहितात. मग कागद आपसात दाखवतात आणि जे शब्द दोघांनी किंवा जास्त जणांनी लिहिले असतील ते सगळे बाद करतात. ओळखणाऱ्याला फक्त उरलेले शब्द दिसतात. सगळे एका बाजूचे, कोणाविरुद्ध कोणी नाही.

आमच्याकडे एकदा 'गणपती' शब्द आला. सहांपैकी चौघांनी 'मोदक' लिहिलं. चारही कागद उलटे. उरले 'उंदीर' आणि 'ढोल'. ओळखणारा दोन्ही कागदांकडे मिनिटभर बघत राहिला आणि म्हणाला, "पुंगीवाला!" त्यानंतर त्या टेबलावर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही की सगळ्यात सोपा शब्द लिहिणं धोक्याचं असतं. पुढच्या फेरीला 'चहा' आला तेव्हा 'टपरी' एकानेही लिहिलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा लिहील.

इथे मुरलेल्याला काहीच जास्तीचं येत नाही. उलट तो फार डोकं लावून असा शब्द लिहितो की कोणाला कळत नाही. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची, त्यामुळे उशिरा येणारा पुढच्या फेरीला बसतो. डब्यात एका डावाला तेरा शब्द असतात. आम्ही वेळ बघून दहा-बारावर थांबतो.

फसण्याची जागा एकच: शब्द फार अवघड निवडू नका. चिठ्ठ्या करताना ज्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं असेच शब्द लिहा. छत्री, लोकल, पोस्टमन, लोणचं. मी एकदा 'संयम' लिहिला होता. त्यावर सहांपैकी तिघांनी कागद कोरा ठेवला.

५. दुसरा खेळ: शब्दहेर

हा 'कोडनेम्स'. व्लादा ख्वातिल या चेक माणसाने केलेला, २०१५ मध्ये आला. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि घरीच बनवतो, कारण विकतच्या डब्यात इंग्रजी शब्द असतात आणि मराठीत हा खेळ वेगळाच रंगतो.

पंचवीस कार्डं पाच बाय पाच मांडायची, प्रत्येकावर एक शब्द. दोन गट. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या, आणि दोन्ही म्होरक्यांसमोर एक गुप्त नकाशा. त्यात सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ शब्द, दुसऱ्या गटाचे आठ, सात कोणाचेच नाहीत आणि एक काळा. म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा बोलतो, बस. "दिवाळी, दोन" म्हणजे दिवाळीशी जुळणारे आपले दोन शब्द शोधा. गट आपसात बोलतो आणि एक जण कार्डावर बोट ठेवतो. बोट ठेवलं की ते उत्तर झालं. बरोबर असेल तर पुढचा शब्द, चूक असेल तर पाळी गेली, आणि काळ्यावर पडलं तर डाव तिथेच हरला. आकड्यापेक्षा एक जास्त शब्द शोधायची मुभा असते.

मराठीत एका शब्दाचे दोन-दोन, तीन-तीन अर्थ असलेले शब्द चिकार आहेत आणि या खेळाला तेच लागतात. पान झाडाचं, वहीचं, पत्त्यांतलं आणि विड्याचं. अंक नाटकाचा, गणितातला आणि दिवाळीचा. नाव, वार, घाट, भाव, कळ, तार, पाट, सूर असे पंधरा-सोळा शब्द घ्या आणि बाकी साधी नामं टाका. पंचवीसही शब्द द्व्यर्थी घेतले तर नवख्यांचं डोकं गरगरतं.

आमच्या एका डावात टेबलावर माळ, टाळ, वीट, अंक, पान, घाट असे शब्द होते. लाल गटाच्या म्होरक्याने बराच विचार करून सांगितलं, "पंढरपूर, तीन." त्याच्या मनात माळ, टाळ आणि वीट. टाळ लगेच निघाला. तुळशीची माळही निघाली. तिसऱ्याला गट अडला. एक जण म्हणाला, "घाट! चंद्रभागेचा घाट." दुसरीने भर घातली, "आणि वारी दिवे घाटातूनच जाते ना." म्होरक्याने चेहरा दगडासारखा ठेवायचा असतो, त्याने ठेवला, पण त्याचे कान लाल झाले. कारण घाट हाच काळा शब्द होता. बोट घाटावर जाणार तेवढ्यात गटातली सगळ्यात गप्प मुलगी म्हणाली, "पण विठोबा उभा कशावर आहे?"

हा प्रसंग सांगितला कारण त्यात म्होरक्याची चूक आहे आणि तीच सगळे करतात. सूचक शब्द बोलण्याआधी आपले शब्द बघण्याऐवजी काळा शब्द बघायचा. तो जुळत असेल तर कितीही सुंदर सुचलेलं असो, सोडून द्यायचं. 'घाट' समोर असताना 'पंढरपूर' म्हणणं म्हणजे ओढवून घेणं.

आता मुरलेल्यांचं काय करायचं. पहिल्या डावात दोन्ही म्होरके तेच करा. म्होरक्याचं काम अवघड असतं, त्यामुळे नवख्यावर ते येत नाही. त्याहून महत्त्वाचं, म्होरक्याला बोलता येत नाही. तो समोर बसून आपल्या गटाला चुकीच्या दिशेने जाताना बघतो आणि काही करू शकत नाही. ज्याला नेहमी दुसऱ्याचं पान सांगायची सवय असते त्याला हे बघण्यासारखं असतं. दुसरा नियम मी घातलेला: कार्डावर बोट ठेवायचं काम गटातल्या सगळ्यात नव्या माणसाचं. मग बाकीच्यांना त्याला पटवून द्यावं लागतं, त्याला बाजूला सारून चालत नाही.

चौदा जणांचा एकच डाव मांडू नका. सातच्या गटात दोघं बोलतात आणि पाच जण खुर्ची मागे ढकलून गप्पा मारतात. दोन टेबलं करा, प्रत्येकावर तीन विरुद्ध चार. त्यासाठी पन्नास कार्डं आणि वेगवेगळे नकाशे लागतात. ते आदल्या रात्री घरी बनवा, ऑफिसात बसून नाही, नाहीतर कोणाला तरी नकाशा दिसतो.

केरळच्या सहकाऱ्याची गोष्ट इथेच येते. पंढरपूरच्या त्या डावात तो होता. माळ त्याला कळली, बाकी काही नाही, आणि त्याने ते हसत सोडून दिलं. पण हसत सोडून देणं म्हणजे मजा येणं नव्हे. पुढच्या वेळी मी निम्मे शब्द सगळ्यांच्या रोजच्या वापरातले घेतले: बस, पंखा, चावी, बँक, रिक्षा, लिफ्ट. आणि प्रत्येक कार्डावर खाली बारीक इंग्रजी लिपीतही तोच शब्द लिहिला. दहा मिनिटांचं जास्तीचं काम. त्या वेळी सगळ्यात चांगला सूचक शब्द त्यानेच दिला, "तळमजला, दोन", लिफ्ट आणि पंखा. आमच्या तळमजल्यावर त्या महिन्यात दोन्ही बंद होते.

उघडलेले शब्द झाकायला मी पहिल्यांदा शेंगदाणे आणि फुटाणे वापरले होते. वीस मिनिटांत लाल गटाने स्वतःचे तीन शब्द खाल्ले आणि कोणाचे किती उरले यावर वाद झाला. चिकट चिठ्ठ्या घ्या.

६. तिसरा खेळ: पत्ते, पण दोन प्रकारचे

सव्वासहाच्या पुढे लोकांचं डोकं शब्दांना कंटाळतं. तेव्हा पत्ते काढायचे. चौदा जणांत मेंढीकोटची दोन टेबलं, म्हणजे आठ जण, आणि उरलेले सहा बदाम सातला. कोणी कुठे बसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बदाम सात खरोखर दोन मिनिटांत शिकता येतो. ज्याच्याकडे बदाम सत्ती तो टाकतो. मग पाळीपाळीने त्याच रंगाचं वरचं किंवा खालचं पान लावायचं, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. काहीच लागत नसेल तर पास. ज्याची पानं आधी संपतात तो जिंकला. सहा जणांत बावन्न पानं वाटली की चौघांना नऊ आणि दोघांना आठ येतात. त्याची काळजी करू नका, पुढच्या डावाला वाटणारा बदलतो. चलाखी एवढीच की आपल्याकडची सत्ती किंवा अठ्ठी अडवून ठेवायची. नवखा दुसऱ्या डावापर्यंत ते स्वतःच शोधून काढतो.

मेंढीकोट ज्यांना येतो त्यांना समजवायला नको. चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, ओढायच्या, समोरासमोर भिडू. पण घराघराचे नियम वेगळे असतात आणि भांडण तिथेच होतं. कोणाकडे पान झाकून बंद हुकूम करतात, कोणाकडे कट हुकूम, म्हणजे ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याने टाकलेला रंग हुकूम. पहिलं पान पडण्याआधी ठरवून टाका. मिश्र गटात कट हुकूम बरा, नवख्याला आधीच काही ठरवावं लागत नाही. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले, हेही आधीच बोलून घ्या.

मुरलेल्याच्या समोर नवखा भिडू बसवा. दोन मुरलेले समोरासमोर बसले तर ते भुवया उडवून खुणा करतात आणि तेरा हात कधी संपले ते इतरांना कळतही नाही. पण एक अट घाला: डाव संपेपर्यंत भिडूला काही बोलायचं नाही. "ही काय उतारी झाली?" हे वाक्य एकदा आलं की समोरचा माणूस पुढचं प्रत्येक पान घाबरत टाकतो. हे मी स्वतः बोललेलो आहे आणि समोरच्याने पुढच्या डावाला बदाम सातच्या टेबलावर जागा शोधली.

पैसे लावून काहीही नाही, दहा-दहा रुपयेही नाहीत. तीन पत्तीचं नाव कोणी ना कोणी काढतंच. ऑफिसच्या जागेत जुगार हा विषयच नको, आणि हे मेलमध्ये एका ओळीत आधीच लिहिलं की त्या दिवशी कोणाला तोंडावर नकार द्यावा लागत नाही.

७. आता मेल

सगळं ठरल्यावर मेल लिहायला दहा मिनिटं लागतात. माझी शेवटची मेल अशी होती:

विषय: शुक्रवारची संध्याकाळ – तीन खेळ सुचवतोय

ताई, नमस्कार.

शुक्रवारी आपण चौदा जण आहोत. बस सव्वासातला आहे, म्हणून साडेपाच ते सात एवढाच वेळ धरलाय. हे तीन खेळ घेऊ. आधी खेळलेलं असायची गरज नाही.

१. एकच शब्द – सात-सात जणांची दोन टेबलं, वीस मिनिटं. उशिरा येणारा मध्येच बसू शकतो.
२. शब्दहेर – दोन टेबलं, पस्तीस मिनिटं. कार्डं मी बनवून आणतो.
३. पत्ते – शेवटपर्यंत. मेंढीकोट किंवा बदाम सात, ज्याला जे हवं ते. पैसे लावायचे नाहीत.

समजावून सांगायचं काम माझ्याकडे आणि टेस्टिंगमधल्या दोघांकडे. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: पाचपासून कॅन्टीनची तीन टेबलं, आणि खायला हाताला तेल न लागणारं काहीतरी.

बुधवारी दुपारपर्यंत काही बदल कळवलात तर करतो, नाहीतर हेच पक्कं.

या मेलमध्ये काय नाही ते बघा. लिंका नाहीत, कारण त्या कोणी उघडत नाही. खेळांचं कौतुक नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं मोघम विचारलेलं नाही, कारण त्याचं उत्तर येत नाही. ताईंना दोनच कामं दिली आहेत आणि दोन्ही त्यांच्या हातातली. शेवटची ओळ सगळ्यात कामाची. गप्प बसणं म्हणजे होकार, हे आधी लिहून ठेवलं की पाठपुरावा करावा लागत नाही.

आणि पाठवण्याआधी एकदा अशी वाचा, जणू ती सगळ्या टीमला गेली आहे. कारण ती जाणार आहे.

समोशांबद्दल ताईंनी वाद घातला. माझं म्हणणं होतं पत्ते चिकट होतात. शेवटी ढोकळा आणि सुकी भेळ ठरली आणि समोसे साडेपाचलाच, खेळाआधी, कागदी रुमालांसकट.

८. त्या संध्याकाळी

नियम सांगताना आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग एक फेरी पानं उघडी ठेवून खेळा आणि बाकीचं वेळ येईल तेव्हा. "अजून एक नियम राहिला" हे वाक्य दोनदा आलं की लोक ऐकायचं सोडून देतात. दोन मिनिटांत सांगता येत नसेल तर आदल्या दिवशी घरी कोणाला तरी सांगून बघा. मी आईला सांगून बघतो. ती मध्येच "म्हणजे काय?" म्हणते, ती जागा कच्ची असते.

एखादं टेबल रंगलं असेल तर ठरलेली वेळ झाली म्हणून उठवू नका. मागच्या वेळी शब्दहेरचं एक टेबल सातपर्यंत हललंच नाही आणि पत्ते सातच जणांनी खेळले. मेंढीकोटचं एक टेबल आणि बदाम सातला तिघं. काही बिघडलं नाही.

अकाउंट्सचं राहिलं. ती मेल सगळ्यांना गेल्यावर त्यांच्यातलं कोणी काही बोललं नाही. शुक्रवारी त्यांच्यातल्या दोघी मेंढीकोटला समोरासमोर बसल्या. मला वाटलं होतं नवख्या आहेत, म्हणून मी भिडू बदलायचा आग्रह धरला नाही. पहिल्याच डावात चारही दश्श्या त्यांच्या बाजूला. पानं गोळा करता करता एकीने विचारलं, "सोपं काहीतरी देणार होतात ना तुम्ही?" दोघीही सांगलीच्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर हाच खेळ, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या डावालाही आम्हाला एकच मेंढी मिळाली.